दोष दायित्व कालावधी संपल्यावर मुख्य कंत्राटदाराकडून रिटेन्शनची रक्कम कशी मागावी

मराठवाड्यात प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, फरशी किंवा प्लंबिंगची कामे पोटकंत्राटावर घेणारे बहुतेक जण रिटेन्शन, म्हणजे बिलांतून कापून राखून ठेवलेली रक्कम, मागताना एकच पत्र लिहितात: काम पूर्ण होऊन वर्ष झाले, तरी आमची रक्कम द्यावी. या पत्राला उत्तर येत नाही, किंवा आले तर "डीएलपी, म्हणजे दोष दायित्व कालावधी, अजून संपलेला नाही", "क्लायंटकडून पैसे आलेले नाहीत" अथवा "तुमच्या कामातले दोष आम्ही दुरुस्त करून घेतले, त्याची कपात आहे" असे येते. यांपैकी प्रत्येक उत्तराची तयारी पत्राच्या आधी करता येते आणि ती त्याच क्रमाने करावी लागते. खरे तर पत्रे दोन लागतात. पहिले पत्र कालावधी संपण्यापूर्वी संयुक्त पाहणीसाठी द्यायचे असते आणि दुसरे कालावधी संपल्यावर रकमेसाठी. पहिले वगळून थेट दुसरे दिले की प्रकरण अडते.

समजण्यासाठी एक काम उदाहरण म्हणून घेऊ. लातूरजवळ एका खासगी महाविद्यालयाचे वसतिगृह बांधले गेले. मुख्य कंत्राटदाराने आतले-बाहेरचे प्लास्टर आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग एका पोटकंत्राटदाराला दिले. अंतिम मोजमापाप्रमाणे काम जीएसटी वगळून ४६,००,००० रुपयांचे झाले. प्रत्येक बिलातून पाच टक्के रिटेन्शन कापायचे, त्यातले निम्मे काम पूर्ण झाल्यावर आणि निम्मे बारा महिन्यांचा दोष दायित्व कालावधी संपल्यावर द्यायचे, असे वर्क ऑर्डरमध्ये होते. पुढचे सगळे टप्पे याच कामावर चालवून पाहू.

## टप्पा १ : वर्क ऑर्डरमधली कलमे वाचून काढणे

वर्क ऑर्डर, तिला जोडलेल्या सर्वसाधारण अटी आणि नंतर निघालेल्या सुधारित ऑर्डरी एकत्र करा. सुधारित ऑर्डर अनेकदा केवळ दर किंवा परिमाण बदलण्यासाठी काढलेली असते, पण तिच्या शेवटी "इतर अटी मुख्य कंत्राटाप्रमाणे" अशी एक ओळ येते आणि त्या ओळीने कालावधी बारा महिन्यांचा चोवीस होऊ शकतो. म्हणून शेवटच्या ऑर्डरीपासून मागे वाचत या.

चार गोष्टी शोधून स्वतंत्र कागदावर जशाच्या तशा उतरवून घ्या: कालावधी कोणत्या घटनेपासून मोजायचा, रिटेन्शन सोडण्याच्या अटी कोणत्या, दोष आढळल्यास किती दिवसांची नोटीस द्यायची, आणि देणे क्लायंटकडून पैसे येण्याशी बांधलेले आहे का. आपल्या उदाहरणात कालावधी "सल्लागाराने व्हर्च्युअल कम्प्लीशनचा दाखला दिल्यापासून", म्हणजे इमारत वापरण्याजोगी पूर्ण झाल्याचे त्याने लेखी दिल्यापासून, मोजायचा होता, दोषासाठी सात दिवसांची लेखी नोटीस होती आणि क्लायंटच्या देण्याशी बांधणारी अट नव्हती.

तशी अट तुमच्या ऑर्डरमध्ये असेल तर निराश होऊन थांबू नका. मुख्य कंत्राटदार पुष्कळदा क्लायंटला बँक गॅरंटी देऊन आपले रिटेन्शन आधीच रोख उचलतो. अशा वेळी "क्लायंटकडून आले नाही" हे म्हणणे टिकत नाही. त्यामुळे क्लायंटकडील रिटेन्शन मिळाले आहे का, किंवा त्याच्या बदल्यात बँक गॅरंटी दिली आहे का, हा प्रश्न रकमेच्या पत्रात लेखी विचारायचा. क्लायंट सरकारी कार्यालय असेल तर मुख्य कंत्राटदाराचे अंतिम देयक आणि अनामत कधी अदा झाली याची माहिती, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून मागता येते.

इशारा : वर्क ऑर्डरची तुमच्याकडची प्रत दोन्ही बाजूंच्या सहीची आहे का ते पाहा. साइटवर काम घाईने सुरू करताना नुसत्या ईमेलवर आलेली, सही न झालेली प्रत अनेकांच्या फायलीत असते. तशी असल्यास त्या ऑर्डरीचा क्रमांक टाकून पास झालेली बिले सोबत ठेवा. ती ऑर्डर दोघांनी मान्य केल्याचा तोच पुरावा आहे.

## टप्पा २ : कालावधी संपण्याची तारीख कागदावर पक्की करणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात. पोटकंत्राटदार कालावधी मोजतो तो आपला शेवटचा मजूर साइटवरून उतरला त्या दिवसापासून, तर मुख्य कंत्राटदार मोजतो तो संपूर्ण इमारत हस्तांतरित झाली त्या दिवसापासून. या दोन तारखांमध्ये तीन-चार महिन्यांचे अंतर सहज पडते.

आपल्या उदाहरणात पोटकंत्राटदाराचे काम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी संपले. फर्निचर, विजेची कामे आणि बाहेरचे पेव्हिंग राहिल्यामुळे सल्लागाराचा दाखला १० जून २०२४ रोजी निघाला. वर्क ऑर्डरची भाषा दाखल्याला धरून असल्याने कालावधी १० जून २०२५ ला संपतो, फेब्रुवारीअखेर नाही. मार्च २०२५ मध्ये पैशांची मागणी केली असती तर ती योग्य कारणाने नाकारली गेली असती. शिवाय त्या नकाराचे पत्र फायलीत राहून पुढच्या मागणीच्या वेळी पुढे आले असते.

म्हणून आधी त्या दाखल्याची प्रत मिळवा. मुख्य कंत्राटदाराचा बिलिंग इंजिनिअर ती देत नसेल तर तारीख नमूद करून साधा ईमेल पाठवा: "आमच्या माहितीप्रमाणे दाखला १० जून २०२४ चा असून कालावधी १० जून २०२५ रोजी संपतो, यात फरक असल्यास सात दिवसांत कळवावे." उत्तर आले तर तारीख मिळते. आले नाही तरी तुम्ही तारीख वेळेत कळवल्याची नोंद राहते.

इमारत टप्प्याटप्प्याने दिली असेल, म्हणजे एक विंग आधी आणि दुसरी नंतर, तर प्रत्येक टप्प्याचा वेगळा दाखला निघाला आहे का ते विचारा. निघाला असेल तर पहिल्या टप्प्याच्या रिटेन्शनसाठी दुसऱ्या टप्प्यापर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही. मात्र वर्क ऑर्डरमध्ये "संपूर्ण काम" हे शब्द असतील तर थांबावे लागेल.

तपासणी : पुढच्या टप्प्याला जाण्यापूर्वी तुमच्या हातात सुरुवातीची तारीख दाखवणारा एक कागद आणि शेवटची तारीख कळवणारा एक कागद असायला हवा. यांपैकी एक जरी नसेल तर इथेच थांबा.

## टप्पा ३ : रक्कम बिलागणिक जुळवणे

"अंदाजे सव्वा लाख बाकी आहे" असे लिहून पैसे मिळत नाहीत. मुख्य कंत्राटदाराच्या अकाउंट्स विभागाला त्यांच्या लेजरशी जुळणारा आकडा लागतो आणि तो बिलागणिक मांडलेला असावा लागतो. उदाहरणातली मांडणी अशी आहे.

| बिल | कामाची रक्कम (रु.) | कापलेले रिटेन्शन (रु.) |
|---|---|---|
| पहिले आर. ए. बिल | ९,००,००० | ४५,००० |
| दुसरे आर. ए. बिल | १४,५०,००० | ७२,५०० |
| तिसरे आर. ए. बिल | १२,५०,००० | ६२,५०० |
| अंतिम बिल | १०,००,००० | ५०,००० |
| एकूण | ४६,००,००० | २,३०,००० |
| काम पूर्ण झाल्यावर मिळाले | | १,१५,००० |
| बाकी | | १,१५,००० |

हा तक्ता करताना दोन गोष्टी तपासा. पहिली, पाच टक्के नुसत्या कामाच्या रकमेवर कापले की जीएसटी धरून झालेल्या एकूण रकमेवर. अठरा टक्के जीएसटी धरल्यास या कामाची एकूण रक्कम ५४,२८,००० होते आणि तिचे पाच टक्के २,७१,४०० होतात. प्रत्यक्षात काय कापले ते बिलाच्या पेमेंट अ‍ॅडव्हाइसवर दिसते, त्यामुळे अटीवरून हिशेब न करता अ‍ॅडव्हाइसवरून करा.

दुसरी, कराची बाजू. बिल देतानाच पूर्ण रकमेवर जीएसटी लावला असेल तर रिटेन्शन सुटताना त्यावर पुन्हा जीएसटी लागत नाही आणि नवे टॅक्स इनव्हॉइसही करायचे नसते. नवे इनव्हॉइस केले तर तीच विक्री दोनदा दिसते. टीडीएससुद्धा बहुतेक ठिकाणी बिल जमा करतानाच पूर्ण रकमेवर कापलेला असतो. तुमच्या टीडीएसच्या वार्षिक विवरणाशी बिले ताडून पाहा. पूर्ण रकमेवर कापला असेल तर सुटणाऱ्या रिटेन्शनवर पुन्हा कापू नये, असे पत्रातच लिहा.

त्यानंतर मुख्य कंत्राटदाराकडून तुमच्या खात्याचे लेजर मागवा. उदाहरणात लेजरमध्ये १,१५,००० च्या जागी ९७,००० बाकी दिसली. फरक १८,००० रुपयांचा होता आणि त्यासमोर २० नोव्हेंबर २०२४ ची एक डेबिट नोट होती: "बाहेरील प्लास्टर दुरुस्ती, अन्य एजन्सीमार्फत". पोटकंत्राटदाराला ती नोट कधी पाठवलेलीच नव्हती. लेजर मागवले नसते तर ही कपात थेट पैसे जमा होण्याच्या दिवशी कळली असती आणि तोवर त्या जागेवर नवा रंग चढून पुरावा झाकला गेला असता.

## टप्पा ४ : कालावधी संपण्याच्या महिनाभर आधी संयुक्त पाहणी

पहिले पत्र याच वेळी द्यायचे. उदाहरणात ते मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जाते. त्यात तीन वाक्ये पुरतात: कालावधी अमुक तारखेला संपतो, त्यापूर्वी आमच्या कामाची संयुक्त पाहणी अमुक दिवशी ठेवावी, आणि काही दोष असल्यास यादी द्यावी म्हणजे मुदतीतच दुरुस्त करता येईल. पैशांचा उल्लेख या पत्रात करू नये. पैशांचा शब्द आला की पत्र प्रोजेक्ट मॅनेजरच्या टेबलावरून उठून अकाउंट्सला जाते आणि पाहणी बाजूला पडते.

पाहणीला मुख्य कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर आणि शक्य असल्यास इमारत वापरणाऱ्या संस्थेचा माणूस हजर असावा. यादी दोन प्रतींत जागेवरच लिहावी आणि तिच्यावर सह्या घ्याव्यात. "ऑफिसला जाऊन पाठवतो" म्हटलेली यादी वाढून येते.

### गच्चीची चाचणी

वॉटरप्रूफिंगच्या बाबतीत ठरलेले उत्तर येते: "एक पावसाळा जाऊ द्या, मग बघू." कालावधी जूनमध्ये संपत असेल तर हे उत्तर हमखास येते. त्यावर दोन गोष्टी सांगता येतात. २०२४ चा पावसाळा याच कालावधीत गेला आहे आणि त्या वेळी गळतीची लेखी तक्रार आली नाही, ही पहिली. दुसरी, पाणी साठवून चाचणी आत्ता करून देतो.

मे महिन्यात आपल्याकडे चाचणीसाठी पाणी मिळवणे हाच मोठा प्रश्न असतो, म्हणून हिशेब आधी करावा. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर सरासरी ५० मिलिमीटर पाणी उभे करायचे तर १५,००० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे तीन टँकर लागतात. गच्चीचे सिमेंटच्या छोट्या बांधांनी तीन भाग केले तर एकाच टँकरचे पाणी एका भागातून दुसऱ्यात पंपाने घेऊन काम भागते, दिवस मात्र तिप्पट लागतात. पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडे बुच मारून बंद करावीत, पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने आखावी आणि ४८ तास ठेवावे. उन्हाने पातळी थोडी उतरते, तेवढ्यावरून गळती ठरत नाही. खालच्या मजल्याचे छत, तुळईच्या कडा आणि पाइप स्लॅबमधून जातात त्या जागा सुरुवातीला, चोवीस तासांनी आणि शेवटी अशा तीनदा पाहून त्याच वेळी फोटो घ्यावेत. चाचणीचा कागद वेगळा करावा आणि त्यावर साइट इंजिनिअरची सही घ्यावी.

वसतिगृहाच्या गच्चीवर आणखी एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे सोलर वॉटर हीटर. त्याचे स्टँड बसवणाऱ्याने वॉटरप्रूफिंगच्या थरात ड्रिल मारून अँकर बोल्ट ठोकलेले असतात. त्या बोल्टाखालीच ओल दिसत असेल तर तो तुमच्या कामाचा दोष नाही. पण हे पाहणीच्या यादीतच लिहिले गेले पाहिजे, बोल्टचा जवळून घेतलेला फोटो आणि खालच्या ओलीचा फोटो एकत्र जोडून. नंतर तोंडी सांगून त्याला वजन राहत नाही.

### प्लास्टरच्या भेगा

काळ्या मातीवर उभ्या असलेल्या इमारतीत भेगा पडतात. त्यांतल्या कोणत्या प्लास्टरच्या आणि कोणत्या जमिनीच्या, हे ओळखता आले नाही तर सगळ्याच तुमच्या नावावर लागतात. केसासारख्या बारीक, जाळीदार, पृष्ठभागापुरत्या भेगा बहुधा क्युरिंग कमी पडल्याच्या असतात. एप्रिलच्या उन्हात प्लास्टर झाले आणि पाणी पुरेसे मारले नाही की त्या येतात. त्या तुम्हीच दुरुस्त करायच्या. ठोकल्यावर पोकळ आवाज देणारे प्लास्टरही तुमचेच.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्या हालचालीने भिंतीत पडणारी भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघते किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाते, आणि पुष्कळदा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसते. खात्री करायची तर भेगेवरचा हाताएवढा प्लास्टरचा तुकडा काढून पाहावा. आत विटकामातही भेग गेलेली असेल तर दोष प्लास्टरचा नाही. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहून ठेवली, तर ती पुढे सरकते आहे का हेही कळते. कॉलम आणि विटकामाच्या सांध्यावरची उभी सरळ भेग मात्र वादाची असते. तिथे जाळी लावणे तुमच्या कामाच्या परिमाणपत्रकात होते का, हे पाहूनच उत्तर द्यावे.

यादीतले जे दोष तुमचे आहेत ते वाद न घालता कालावधी संपण्यापूर्वी दुरुस्त करा. दोन कारागीर, एक हेल्पर आणि चार दिवस यांचा खर्च कधी कधी हातातल्या रकमेच्या मानाने क्षुल्लक असतो. पण दुरुस्ती झाल्यावर त्याच यादीवर प्रत्येक नोंदीसमोर "पूर्ण" असे लिहून सही घेतल्याशिवाय माणसे साइटवरून काढू नका.

इशारा : कालावधीत दोष कळवला गेला आणि दुरुस्ती राहिली, तर कालावधी संपल्यामुळे तुमची जबाबदारी संपत नाही. म्हणून यादीतली एकही नोंद उघडी ठेवून रकमेचे पत्र देऊ नये.

## टप्पा ५ : रकमेचे पत्र

कालावधी संपल्यानंतर दोन-चार दिवस जाऊ द्या. नेमक्या शेवटच्या दिवशी पत्र दिले तर एका दिवसाच्या मोजणीवरून परत येऊ शकते. पत्र लेटरहेडवर, एका पानाचे आणि वर्क ऑर्डरमध्ये पत्रव्यवहारासाठी दिलेल्या पत्त्यावर असावे. साइटच्या पत्त्यावर दिलेले पत्र साइट बंद झाल्यावर कोणाकडेच राहत नाही. मजकूर असा ठेवता येईल.

> दिनांक : १४ जून २०२५
>
> प्रति,
> मा. प्रकल्प व्यवस्थापक,
> (मुख्य कंत्राटदाराचे नाव व नोंदणीकृत पत्ता)
>
> विषय : वसतिगृह इमारत, प्लास्टर व वॉटरप्रूफिंग काम, रिटेन्शनची उर्वरित रक्कम मिळण्याबाबत.
>
> संदर्भ : १) वर्क ऑर्डर क्र. … दि. …, कलम क्र. …
> २) व्हर्च्युअल कम्प्लीशनचा दाखला, दि. १० जून २०२४
> ३) संयुक्त पाहणीची यादी व पूर्ततेच्या सह्या, दि. …
> ४) गच्चीच्या पाणी चाचणीचा अहवाल, दि. …
>
> महोदय,
>
> संदर्भ १ नुसार आम्ही केलेल्या कामाचा बारा महिन्यांचा दोष दायित्व कालावधी १० जून २०२५ रोजी पूर्ण झाला आहे. संयुक्त पाहणीत नोंदवलेले आमच्या कामातील सर्व दोष दुरुस्त करण्यात आले असून आपल्या प्रतिनिधींनी त्यावर सह्या केलेल्या आहेत.
>
> सोबतच्या तक्त्याप्रमाणे रिटेन्शनपोटी आमचे १,१५,००० रुपये आपणाकडे बाकी आहेत. आपल्या लेजरमध्ये ९७,००० रुपये बाकी मान्य आहे. ही मान्य रक्कम कोणतीही पुढील चर्चा प्रलंबित न ठेवता पंधरा दिवसांत आमच्या बँक खात्यात जमा करावी.
>
> उरलेल्या १८,००० रुपयांच्या, २० नोव्हेंबर २०२४ च्या डेबिट नोटबाबत आम्हाला पूर्वी काहीही कळवलेले नाही. ती आम्हाला मान्य नाही. त्यासंबंधी दिलेली दोषाची नोटीस, दुरुस्तीपूर्वीचे फोटो, मोजमाप आणि संबंधित एजन्सीचे बिल द्यावे.
>
> वरील रकमेवरील जीएसटी मूळ बिलांत आकारलेला आहे व टीडीएस पूर्ण बिलावर कापलेला आहे, तरी पुन्हा कपात करू नये.
>
> कळावे,
> आपला विश्वासू,
> (सही, शिक्का)

या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मान्य आणि वादातील रक्कम वेगळी काढणे. दोन्ही एकत्र मागितल्या की १८,००० च्या वादामागे ९७,००० अडकून राहतात. वेगळ्या काढल्या की मान्य रक्कम थांबवण्याचे कारण त्यांच्याकडे उरत नाही.

सोबत रिटेन्शनचा तक्ता, दाखला, सह्या झालेली यादी, चाचणीचा अहवाल, बँक तपशील आणि रद्द केलेला धनादेश जोडा. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची आणि ईएसआयची चलने मुख्य कंत्राटदार हमखास मागतो, कारण त्याची जबाबदारी त्याच्यावरही येते. ती कामाच्या महिन्यांप्रमाणे आधीच लावून ठेवा. पत्र ईमेलनेही पाठवा आणि पोहोच मिळेल अशा स्पीड पोस्टनेही. हाताने दिल्यास दुय्यम प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या.

तपासणी : पत्रातला प्रत्येक आकडा जोडलेल्या तक्त्यात सापडतो का आणि प्रत्येक तारखेमागे एक कागद आहे का, हे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

## टप्पा ६ : कपातीला उत्तर

डेबिट नोटला "आम्हाला मान्य नाही" एवढेच उत्तर पुरत नाही. तिच्यामागचे कागद आल्यावर तीन प्रश्न विचारायचे: कामापूर्वी नोटीस होती का, दोष खरोखर आमच्या कामाचा होता का, आणि खर्च मोजमापाला धरून आहे का.

उदाहरणात मुख्य कंत्राटदाराने फोटो आणि दुसऱ्या एजन्सीचे बिल दिले. बिल ३६ चौरस मीटर, दर ५०० रुपये, एकूण १८,००० असे होते. नोटीस नव्हती. फोटोंत जोत्याजवळच्या पट्ट्यात २७ चौरस मीटरवर पायऱ्या-पायऱ्यांच्या भेगा स्पष्ट दिसत होत्या आणि काढलेल्या प्लास्टरखाली विटकामही फुटलेले होते. उरलेल्या ९ चौरस मीटरमध्ये प्लास्टर सुटून पडलेले होते आणि आत विटांवर सिमेंटची पकड दिसत नव्हती.

सात दिवसांच्या नोटिशीची अट पाळली नाही म्हणून पूर्ण १८,००० नाकारता आले असते. पण माझ्या मते जिथे स्वतःचे काम उघडपणे कमी पडले आहे तिथे तेवढे मान्य करणेच योग्य आहे. पकड नसलेल्या ९ चौरस मीटरचे ४,५०० रुपये मान्य आणि भेगांच्या २७ चौरस मीटरचे १३,५०० अमान्य, असे मोजमापासह लेखी कळवले की समोरच्याला निर्णय घेणे सोपे जाते. मोघम "काहीतरी सोडून द्या" या बोलणीतून निम्मी रक्कम जाते.

## टप्पा ७ : पाठपुरावा आणि मुदत

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र, त्यानंतर पंधरा दिवसांनी अंतिम स्मरणपत्र आणि पुढे वकिलामार्फत नोटीस, हा क्रम ठेवा. वर्क ऑर्डरमध्ये लवादाचे कलम असेल तर नोटीस त्या कलमातल्या पद्धतीप्रमाणेच जायला हवी, म्हणून ते कलम वकिलाला आधी दाखवा.

मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे अशा देण्याच्या दाव्याला साधारणपणे रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. फोनवरच्या "पुढच्या महिन्यात करतो" ने ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी समोरच्याने सही करून देणे मान्य केले, तर त्या अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दरवर्षी मार्चअखेर मुख्य कंत्राटदार पाठवतो त्या बॅलन्स कन्फर्मेशनच्या कागदाकडे दुर्लक्ष करू नका. त्यात रिटेन्शन स्वतंत्र दाखवले आहे का ते पाहा, नसेल तर दुरुस्त करून मागा आणि त्यांच्या सहीची प्रत ठेवा.

उद्यम नोंदणी असलेले अनेक जण सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ वर भिस्त ठेवतात, कारण त्यात उशिरा देण्यावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. बांधकामाच्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला तो लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने निकालांत म्हटलेले आहे. म्हणून पत्रात त्याचा धाक घालण्यापूर्वी वकिलाचे मत घ्यावे.

इशारा : पैसे देण्याआधी "पूर्ण व अंतिम, यापुढे कोणताही दावा नाही" असा नो क्लेम कागद सहीसाठी पुढे केला जातो. रक्कम जमा होण्यापूर्वी त्यावर सही करू नका. एखादी रक्कम वादात असेल तर कागदावर "९७,००० रुपये मिळाले, १८,००० रुपयांच्या डेबिट नोटबाबतचा हक्क राखून" असे लिहूनच सही करा. हे वाक्य लिहू देत नसतील तर पैसे मिळाल्याची साधी पावती स्वतंत्र द्या आणि त्याच दिवशी ईमेलने वादातील रक्कम बाकी असल्याचे कळवा.

## टप्पा ८ : रक्कम जमा झाल्यावर

पेमेंट अ‍ॅडव्हाइस मागवून जमा झालेली रक्कम ताडून पाहा. ९७,००० च्या जागी ९६,०३० जमा झाले असतील, तर ९७० रुपये, म्हणजे एक टक्का टीडीएस दुसऱ्यांदा कापला गेला आहे. तो तिमाही विवरणपत्र भरण्यापूर्वीच दुरुस्त करायला सांगावे. काम पूर्ण झाल्यावर मिळालेल्या निम्म्या रिटेन्शनच्या बदल्यात किंवा इतर कारणाने तुम्ही बँक गॅरंटी दिली असेल तर ती मूळ प्रतीसह परत मागा आणि बँकेत जमा करून मार्जिनची रक्कम सोडवून घ्या.

वादातली रक्कम मिटली की मुख्य कंत्राटदाराकडून सुधारित लेजर घ्या. उदाहरणात १३,५०० रुपये परत आल्यावर आणि ४,५०० रुपये मान्य कपात म्हणून नोंदल्यावर त्यात बाकी शून्य दिसायला हवी. नो क्लेमच्या कागदावर सही त्यानंतर करावी.